गोळी नको, आधी डायरी

"मॅडम, मुलगा रात्री दीड-दोनपर्यंत जागाच असतो, झोप लागतच नाहीये. डॉक्टरांकडून एखादी हलकी झोपेची गोळी नाही का मिळणार?"

गेल्या वर्षभरात हे वाक्य किती आयांकडून ऐकलं ते मोजलं नाही. त्यातली एक गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्स. माझ्याकडे येण्याआधी आईने आजीच्या झोपेच्या गोळीतली पाव गोळी तीन रात्री दिली होती. झोपला, पण दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये डोकं जड, शिकवलेलं काही आठवेना, आणि चौथ्या रात्री गोळी नाही म्हटल्यावर आधीपेक्षा वाईट अवस्था. आईला वाटलं डोस कमी पडला. मी सांगितलं, अहो ताई, गोळी बंद केल्यावर झोप उलटते ती अशी. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम असल्या गोळ्यांची सवय लागते, झोल्पिडेममध्ये झोपेतच उठून चालण्यासारखे प्रकार झालेत, आणि लहान मुलांवर ते तपासलं तेव्हा झोप काही लवकर लागली नाही, काहींना भास मात्र झाले. म्हणून तर अठराच्या आतल्यांना डॉक्टर सहसा या गोळ्या देत नाहीत.

डॉक्टरांनी आधी घोरणं, पायांची अस्वस्थता, त्यासाठी रक्तातलं लोह, मूड, कॉफी सगळं विचारलं, तपासलं. तसं काही निघालं नाही. मग मी दोन आठवड्यांची झोपेची डायरी लिहायला सांगितली. माझा विश्वास गोळीपेक्षा डायरीवर जास्त आहे आणि तो सहसा वाया जात नाही.

डायरीत दिसलं की साडेदहाला आडवा, झोप दीडला, उठणं सातला, रविवारी अकरा. पण एका शनिवारी वीस मिनिटांत झोप!

"त्या दिवशी काय वेगळं होतं?"

"मावशीकडे होतो. हॉलमध्ये गादी टाकून झोपलो."

"आणि घरी अभ्यास कुठे करतोस?"

बराच वेळ गप्प बसला, मग हळूच म्हणाला, "बेडवरच. मोबाईल पण तिथेच."

तिथेच मला सगळं दिसलं. रोज तीन तास त्या बेडवर लोळत घड्याळ बघायचं, त्यामुळे बेडवर गेलं की जागं राहायचं हेच त्याचं शरीर शिकलं होतं, आणि ते गोळीने विसरत नाही.

मग अभ्यास टेबलवर, दुपारनंतर कॉफी बंद, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. बेडवर जायचं ते साडेबारालाच आणि उठायचं रोज सातला, रविवारीसुद्धा. झोप येत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं, झोप आली की परत बेडवर. आईला हे उलटं वाटलं, "आणखी जागवायचं?" पण खरी झोप साडेपाचच तास होती, म्हणून बेडवरची वेळ साडेसहावर आणली, त्याखाली मी मुलांना नेत नाही. पहिला आठवडा दिवसा फार पेंगतात, तेव्हा स्कूटी चालवू द्यायची नाही हे आईला बजावून सांगितलं.

दहाव्या दिवशी अर्ध्या तासात झोप लागायला लागली. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे. सध्या सव्वाअकराला झोपतो. आठ तास अजून झालेले नाहीत. तेवढं करूनही अडलं असतं तर डॉक्टरांनी त्यांच्या देखरेखीखाली कमी डोसचं मेलाटोनिन ठरवलं असतं, ती वेळ आली नाही. आजीच्या गोळ्या आता आजीच्याच कपाटात, कुलपात आहेत.