चोरून पाणी पिऊ नकोस

बाळा,

"सासूबाईंना हो म्हणते आणि खोलीत जाऊन गुपचूप खाते, वाद कशाला?" सहाव्या महिन्यातल्या हरतालिकेच्या निर्जळी उपवासाबद्दल काल फोनवर तू हे इतक्या सहज बोललीस की मला रात्रभर झोप लागली नाही. मी नेमकं हेच केलं होतं.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी सातवा महिना लागला होता आणि हरतालिका आली. आमच्या सासरी निर्जळी. न्हाणीघरात जायचं, नळ सोडायचा आणि ओंजळीने पाणी प्यायचं, असा दिवस काढला. सगळ्यांनी कौतुक केलं. तीन वर्षांनी धाकट्या जावेला दिवस होते. "मोठीने केलं, मग हिला काय होतंय?" असं घरात बोलणं झालं. मी तिथेच पाटावर पत्री निवडत बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. रात्री जागरणात तिचं पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं तेव्हा थांबलं. मी नवी होते, घर मोठं होतं, सगळं खरं. पाणी प्यायल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, लपवल्याचं वाटतं. म्हणून सांगते, लपवू नकोस. सासरी पत्र लिहून कळव.

आणि परवानगी मागायची नाही. "चालेल का?" असं लिहिलंस की उत्तर "नाही" येऊ शकतं, मग पुन्हा न्हाणीघर आहेच. अशी सुरुवात कर:

"ती. स्व. आई-बाबा, सा. न. यंदाही मी हरतालिकेचं व्रत करणार आहे. वाळूची पिंड, सोळा पत्री, कहाणी, सगळं तुमच्यासोबत. सहावा महिना असल्यामुळे निर्जळी न करता फराळ आणि पाणी घेऊन करेन. डॉक्टरांशी बोलले आहे."

आधी काय करणार ते, मग काय नाही. सासूबाईंना भीती आहे ती सून व्रतच सोडतेय की काय याची. ती पहिल्याच ओळीत जाऊ दे.

त्यांना शास्त्र लागतं ना, तेही त्यांच्या बाजूचं नाही. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं सांगितलंय, त्यांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध आहे. गर्भिणीने उपवासाऐवजी नक्त करावं, म्हणजे दिवसभर न जेवता रात्री एकदा जेवावं, असंही व्रतांच्या ग्रंथांत आहे. हे दोन वाक्यांत लिही, वाद घालू नकोस. तू मात्र नक्तही करू नकोस, कारण दिवसभर पोट रिकामं ठेवणंही जास्तच होतं.

कारण सोपं आहे. आदल्या रात्री नऊला जेवलीस आणि चतुर्थीला सकाळी सातला सोडलंस, तर चौतीस तास झाले. पोटुशीपणात रक्तातली साखर एरवीपेक्षा लवकर उतरते, शरीर चरबी जाळायला लागतं. त्यात पाणी नाही म्हटल्यावर गर्भाशय आखडायला निमित्त मिळतं. जावेचं तेच झालं असावं.

दिवसाचा बेतही पत्रात लिही, म्हणजे ऐनवेळी कुणी विचारत बसणार नाही. उठल्यावर दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. पूजेआधी फळ. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत ताक. चारला शहाळं, खजूर. रात्री पुन्हा पोटभर भगर-दही. दोन-तीन तासांवर काहीतरी पोटात हवं आणि दिवसभरात दहाएक पेले पाणी. लोहाची गोळी दूध-चहासोबत नको, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. भगर नवी, अख्खी आण आणि निवडून धू. दमट, जुन्या भगरीला बुरशी धरते आणि विषबाधा होते. साबुदाणा-बटाट्यावर दिवस काढू नकोस. तुझी साखर वाढलेली निघाली असती तर मी हे पत्रच लिहिलं नसतं, सरळ जेव म्हटलं असतं.

जागरण दहापर्यंत. मग डाव्या कुशीवर झोप. तेही कळव.

शेवटी एक ओळ विसरू नकोस: "चक्कर आली, लघवी गडद झाली, पोट वारंवार कडक झालं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मी तिथेच वरण-भात खाईन आणि डॉक्टरांना फोन करेन." त्यावेळी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून हे आधीच लिहायचं. तू म्हणशील, मावशी किती वेळा तेच सांगते. सांगणारच. त्या रात्री मी एकदा तरी बोलले असते तर.

पत्र नवऱ्याला आधी वाचून दाखव, पण सही तुझीच असू दे. "तिला डॉक्टरांनी सांगितलंय" असं त्याने परस्पर फोनवर उरकलं, तर पुढच्या वर्षी अंगावर पिणारं बाळ असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि त्यांच्या घरात तुझ्या मागून येणारी कुणी असेल, तिच्यापर्यंतही ते पत्र पोहोचू दे.

गणपतीला जायच्या आठवडाभर आधी पोस्टात टाक. मसुदा मला वाचून दाखवायला उद्या दुपारी फोन कर, मी मोकळी आहे.

तुझी,
मावशी