ड्रॉप घालायचे असतील तर घड्याळ ड्रॉपपासून लावा

प्रश्न : राजारामपुरीत आमचं डोळ्यांचं छोटं क्लिनिक आहे, अपॉइंटमेंट मी देते. फोनवर सगळे विचारतात, "किती वेळ लागेल?" कमी सांगितलं तर इथे येऊन भांडतात, जास्त सांगितलं तर येतच नाहीत. नक्की काय सांगायचं?

उत्तर : मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोल्हापुरातच नोकरी. भांडणं बहुतेक एकाच प्रकारच्या पेशंटची होतात, पडदा तपासायला आलेल्यांची. नुसता चष्म्याचा नंबर काढायचा असेल तर अर्धा-पाऊण तास सांगा, तिथे सहसा कुणी चिडत नाही.

पडद्याच्या तपासणीत डॉक्टरांचं काम दहा मिनिटांचं असतं, म्हणून आपण "दहा मिनिटांत होईल" म्हणून मोकळे होतो. पण बाहुली मोठी व्हायला ड्रॉप घातल्यापासून वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती सगळ्यांची सारखी उघडत नाही. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत औषध जरा सावकाश चालतं. त्यातून बरीच वर्षं शुगर असेल तर बाहुली अर्धवट उघडून तिथेच थांबते, मग पुन्हा ड्रॉप आणि पुन्हा बसणं. म्हणून फोनवरच दोन गोष्टी विचारा : शुगर आहे का, किती वर्षांपासून? आणि मागच्या वेळी ड्रॉप घातल्यावर बराच वेळ बसावं लागलं होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोकांना पक्कं आठवतं.

समजा गडहिंग्लजहून साठीचे एक काका येणार आहेत, शुगर बारा वर्षांची, वेळ अकराची. केसपेपर आणि नंबर होईपर्यंत साडेअकरा. ड्रॉप घातला की नंबर नीट निघत नाही, म्हणून तो आधीच काढावा लागतो. मग डोळ्याचं प्रेशर, आणि ड्रॉप घालायला हरकत नाही ना हे डॉक्टरांनी बघायचं. पहिला ड्रॉप अकरा चाळीसला, दुसरा बारा वाजता. सव्वाबाराला टॉर्चने बघितलं तर बाहुली अर्धीच, म्हणून तिसरा. पावणेएकला आत जातात, चिठ्ठी घेऊन बाहेर पडेपर्यंत एक. यात आत आधीचा पेशंट अडकला तर आणखी पंधरा मिनिटं. या काकांना "दोन ते अडीच तास, दीडपर्यंत मोकळे व्हाल" असं सांगायचं. "साधारण दोन तास" सांगितलं की ते एकची एसटी धरून बसतात आणि पावणेएकला काउंटरवर येतात, "ताई, माझी गाडी चुकतीय न्हवं!"

अर्थात, दीडला सुटले तरी त्यांचा दिवस मोकळा होत नाही. पुढचे चार ते सहा तास जवळचं अंधुक दिसतं, उन्हात डोळे दिपतात. गावाकडून येणारा माणूस कोल्हापूरची चार कामं एकाच फेरीत उरकतो. बँकेत फॉर्म भरायचा असेल, कागदावर सही करायची असेल तर ते आमच्याकडे येण्याआधी उरका म्हणावं. मोटरसायकलवर येऊ नका, आलात तर चालवायला कुणाला तरी आणा. हे फोनवरच सांगायला हवं. ड्रॉप घातल्यावर सांगून काय उपयोग, गाडी तर खाली लावलेली असते.

मेसेज असा पाठवा :

"उद्या स. ११. ड्रॉप घालून तपासणी, त्यामुळे दीडपर्यंत वेळ काढून या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत वाचायला त्रास होईल. स्वतः गाडी चालवू नका. शुगरच्या गोळ्या आणि जेवण नेहमीप्रमाणे."

शेवटचं वाक्य गाळू नका. डोळ्याची तपासणी म्हणजे उपाशीपोटी, असं समजून काही जण तसेच येतात, आणि गोळी घेऊन दीडपर्यंत उपाशी बसलेल्या माणसाला तुमच्या बाकावरच चक्कर येऊ शकते.

तुमच्या क्लिनिकचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा असेल. दोन आठवडे प्रत्येक केसपेपरच्या कोपऱ्यात आल्याची, पहिल्या ड्रॉपची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहा. मग सरासरी काढू नका. सरासरी सांगितली तर जवळजवळ निम्म्या लोकांना त्याहून जास्त बसावं लागणार. दहातले आठ जण ज्या वेळेत बाहेर पडतात, ती वेळ सांगा. शुगरवाल्यांचा हिशोब वेगळा ठेवा.

जास्त वेळ ऐकून येत नाहीत म्हणता, ते बहुधा वेळेच्या धास्तीने नाही, दुपारची गाडी चुकेल म्हणून. त्यांना सकाळी पहिला नंबर द्या, लांबचे आधी, राजारामपुरीतले नंतर.

लहान मुलांचं गणित निराळंच. घरून तीन दिवस अ‍ॅट्रोपिनचं मलम लावून आणायला सांगितलं असेल, तर त्याचा परिणाम आठवडाभर, कधी त्याहून जास्तही टिकतो. तिथे तास विचारू नका, शाळेची परीक्षा कधी आहे ते विचारा.