वीकली ऑफला ड्युटी केली आणि सी-ऑफ मिळाला, तरी त्या दिवसाचा डबल मिळतो का?

प्रश्न: मी रेल्वेच्या डेपोत ठेकेदाराकडे डबे साफ करायच्या कामावर आहे. रविवारी वीकली ऑफ असतो. कधी कधी रविवारी बोलावतात आणि बुधवारी सुट्टी देतात. सुपरवायझर म्हणतो, सुट्टीच्या बदल्यात सुट्टी दिली, आता जादा पैसे कसले? हे बरोबर आहे का?

तुमच्या बाबतीत बरोबर नाही. बुधवारची सुट्टी देऊनही रविवारच्या कामाचे पैसे ओव्हरटाइमच्या दराने, म्हणजे दुप्पट दराने, द्यावे लागतात. मी ठेकेदारांची पगारबिलं मंजुरीआधी तपासायच्या कामावर बरीच वर्षं आहे. ज्या रकमा कामगाराच्या हातात न पडताच राहून जातात, त्यांत ही एक हमखास असते.

तुमचं काम रेल्वेच्या आवारातलं आहे, त्यामुळे किमान वेतनासाठी तुम्हाला केंद्र सरकारचे नियम लागतात. साफसफाईच्या कामाचा किमान दर केंद्र सरकार ठरवतं आणि महागाईनुसार तो वर्षातून दोनदा बदलतो. किमान वेतन (केंद्रीय) नियम, १९५० मधला नियम २३ विश्रांतीच्या दिवसाबद्दल आहे. एका मालकाकडे सलग सहा दिवस काम झालं की आठवड्याला एक दिवस विश्रांतीचा. तो सहसा रविवार असतो, पण मालक दुसरा वारही ठरवू शकतो. त्या दिवशी कामावर बोलवायचं असेल, तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या पाच दिवसांत पूर्ण दिवसाची बदली सुट्टी द्यावी लागते. शिवाय या अदलाबदलीमुळे कुणाचंही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये.

सुपरवायझरला बहुधा एवढंच माहीत असतं. नियम मात्र पुढे पैशांबद्दलही बोलतो आणि तिथे गोंधळाला जागा नाही. विश्रांतीच्या दिवशी काम केलं आणि बदली सुट्टी मिळाली, तर काम केलेल्या दिवसाचं वेतन ओव्हरटाइमच्या दराने द्यायचं आणि बदली सुट्टीचं वेतन आदल्या दिवसाच्या नेहमीच्या दराने. शेतीकाम सोडलं तर ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. म्हणजे सुट्टी मिळणं आणि दुप्पट पैसे मिळणं यांत एकच निवडा असं हा नियम म्हणत नाही, दोन्ही द्यायला सांगतो. सुट्टी शरीराच्या विश्रांतीसाठी असते. दुप्पट दर असतो तो ठरलेला दिवस मोडला म्हणून.

याला जोडून एक अट आहे आणि हिशेबात लोक तिथेच अडकतात. रोजचा दर महिन्याच्या पगाराला २६ ने भागून काढलेला असेल आणि तो जाहीर किमान दरापेक्षा कमी नसेल, तर विश्रांतीच्या दिवसाचे पैसे त्या दरातच आधी धरलेले असतात. मग बदली सुट्टीचं वेगळं वेतन लागत नाही, फक्त काम केलेल्या दिवसाचा ओव्हरटाइम दर द्यायचा. ठेकेदार हीच अट दाखवून म्हणतात, बघा, सुट्टीचे पैसे लागत नाहीत. सुट्टीचे लागत नाहीत हे खरं, पण रविवारचे दुप्पट लागतात, आणि ते वाक्य ते वाचून दाखवत नाहीत.

आकडे घालून बघू. समजा तुमचा रोज ८०० रुपये आहे, म्हणजे तासाला १००, आणि तो किमान दराइतकाच आहे. महिना ३० दिवसांचा, त्यात चार रविवार, म्हणजे कामाचे २६ दिवस.

आधी २६ ची पद्धत. नेहमीच्या महिन्यात २६ गुणिले ८००, म्हणजे २०,८०० रुपये. आता एका रविवारी पूर्ण पाळी केली आणि पुढच्या बुधवारी सुट्टी घेतली. तुमचे साधे दिवस उरले २५, त्यांचे २०,०००. रविवारचे दुप्पट दराने १,६००. एकूण २१,६००.

दुसरी पद्धत अशी, की पगार ३० दिवसांचा आणि सुट्टीचे पैसे वेगळे मोजून मिळतात. नेहमीच्या महिन्यात ३० गुणिले ८००, म्हणजे २४,०००. रविवारी काम आणि बुधवारी सुट्टी झाली, तर २५ साध्या दिवसांचे २०,०००, बाकीच्या तीन रविवारांचे २,४००, काम केलेल्या रविवारचे १,६०० आणि बुधवारच्या सुट्टीचे ८००. एकूण २४,८००.

दोन्ही पद्धतींत नेहमीच्या पगारावर वाढले ते ८०० रुपयेच. पगार कुठल्याही रीतीने मांडलेला असो, बदली सुट्टी मिळालेल्या प्रत्येक ऑफ-ड्युटीमागे एका दिवसाचा रोज जादा दिसायला हवा. तो दिसत नसेल, तर पैसे राहिले आहेत. स्लिप हातात आली की एवढं एक बघितलं तरी पुरतं. आणि सुट्टी दिलीच नसेल, तर २६ च्या पद्धतीत २०,८०० अधिक १,६००, म्हणजे २२,४०० व्हायला हवेत.

मग सुपरवायझरचं म्हणणं आलं कुठून? ते कारखान्यांतून आलं आहे आणि तिथे ते बरंचसं खरंही होतं. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ५२ रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देऊन रविवारी काम घेऊ देत असे. त्यासाठी निरीक्षकाकडे आधी नोटीस द्यायची आणि ती कारखान्यात लावायची. पण त्या कायद्यात दुप्पट दर लागत असे तो दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवर गेलेल्या कामासाठी. रविवारी आठ तास भरले आणि बुधवारी सुट्टी घेतली, तर त्या आठवड्याचे तास ४८ च राहतात, आणि तासच जास्त झाले नाहीत म्हणून दुप्पटही नाही. सुट्टी रविवारच्या आधी दिली असेल, तर तो रविवार मागच्या आठवड्यात मोजायचा, अशीही सोय त्या कलमात होती, म्हणजे तिथेही बेरीज ४८ च. थोडक्यात, तो कायदा तास मोजत होता. तुम्हाला लागू असलेला नियम दिवस मोजतो. कारखान्यातला हिशेब उचलून तुमच्या मस्टरवर लावला की सुट्टी दिली, मिटलं, हे वाक्य तयार होतं. माझ्या मते बहुतेक सुपरवायझर हे खोटेपणाने बोलत नाहीत, त्यांनी ते असंच ऐकलेलं असतं. पण त्याने तुमचे पैसे कमी होत नाहीत.

आता कायदा बदलला आहे, हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. तिच्या कलम १३ मध्ये विश्रांतीच्या दिवशी केलेल्या कामाचा मोबदला ओव्हरटाइमच्या दरापेक्षा कमी नसावा असं म्हटलं आहे, आणि कलम १४ मध्ये तो दर नेहमीच्या दराच्या दुपटीपेक्षा कमी नसावा असं आहे. म्हणजे नव्या कायद्याचं नाव घेऊन हे पैसे नाकारता येत नाहीत.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर दावे फेटाळले गेले आहेत. हा सगळा हक्क किमान दरावर काम करणाऱ्यांचा आहे. हट्टा नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं, की ज्याला किमान दरापेक्षा जास्त पगार मिळतो त्याला किमान वेतन कायद्याखाली ओव्हरटाइम मागता येत नाही. त्यामुळे तुमच्या डेपोतला एखादा जास्त पगाराचा मेकॅनिक किंवा खुद्द सुपरवायझर याच आधारावर मागायला गेला, तर त्याला अडचण येईल. त्याला नेमणूकपत्र, ठेक्यातली अट किंवा युनियनबरोबरचा करार यांत काही आहे का ते शोधावं लागेल. तुम्ही आधी तुमचा रोज चालू किमान दराशी ताडून घ्या. हे दर मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्या आदेशात असतात आणि ठेकेदाराने ते कामाच्या जागी लावलेले असायला हवेत.

प्रत्यक्षात पैसे कसे गायब होतात, तेही सांगतो. बहुतेकदा मस्टरमध्येच अदलाबदल होते. रविवारी तुम्ही कामावर असता, पण मस्टरवर रविवारपुढे सुट्टी लागते आणि बुधवारपुढे हजेरी. कागदावर सगळा महिना सरळ दिसतो आणि बिलात जादा काहीच येत नाही. बिल तपासताना मी म्हणून मस्टर एकटं कधी बघत नाही. गेटचं रजिस्टर किंवा डबे धुतल्याचा रोजचा अहवाल शेजारी ठेवतो. रविवारच्या अहवालात तुमच्या टोळीने डबे धुतल्याची नोंद आहे आणि मस्टरवर टोळीला सुट्टी आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. तुमच्याकडे हे कागद नसतील, पण रविवारी बोलावल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज, ड्युटी चार्टचा फोटो, स्वतःच्या वहीत तारीख आणि वेळ, एवढं ठेवता येतं. ते त्याच दिवशी ठेवा, सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्याला कुणी किंमत देत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे सी-ऑफ साठवून ठेवणं. "पुढच्या महिन्यात घे" म्हणतात, मग ठेकाच बदलतो आणि शिल्लक सुट्ट्यांचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. नियमात बदली सुट्टीला पाच दिवसांची मर्यादा आहे, ती उलटून गेली तर ती त्या रविवारची बदली सुट्टी नव्हेच. आणखी वाईट म्हणजे बुधवारची सुट्टी मस्टरवर गैरहजेरी म्हणून लागते आणि पगारच कापला जातो. हे दिसलं तर लगेच लेखी विचारा.

आधी ठेकेदाराला साध्या अर्जाने मागा: कुठल्या तारखेला ऑफ असताना काम केलं, बदली सुट्टी कधी मिळाली, किती रक्कम राहिली. अर्जाची प्रत रेल्वेच्या ज्या अधिकाऱ्याकडे ठेक्याचं बिल जातं त्याला द्या आणि पोच घ्या. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर, म्हणजे रेल्वेवर येते, त्यामुळे पुष्कळदा या प्रतीनेच काम होतं. नाही झालं, तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या विभागीय कार्यालयात जा, राज्याच्या कार्यालयात नाही. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. तुमच्या टोळीतल्या सगळ्यांचे रविवार एकाच ड्युटी चार्टवर असतील, तर अर्ज एकत्र करा, तारखा एकमेकांच्या पुराव्याला येतात.