‘ग्रेड ३’ लिहिलेला कागद

प्रश्न: जाहिरातीत दाखवतात ती मूळव्याधीवरची वेदनारहित लेझर ट्रीटमेंट खरंच कायमचा आराम देते का? कोणी करून घेतली आहे का?

मी करून घेतली आहे. फक्त मला मूळव्याध नव्हती.

शौचाला बसलं की काच कापत गेल्यासारखं व्हायचं आणि नंतर दोन-दोन तास आग. रक्त म्हणाल तर दोन-चार थेंब. माझ्या दाजींनी वर्षभर आधी अशाच एका जाहिरातवाल्या क्लिनिकात लेझर करून घेतलं होतं आणि ‘अरे, टाचणीएवढंही दुखलं नाही’ हे ते चारचौघांत सांगत सुटायचे. नंबर त्यांनीच दिला.

तिथे डॉक्टरांआधी काउन्सेलर भेटते. विमा आहे का, सोबत कोण येणार, हे तिने आधी विचारलं. त्रास काय होतो ते नंतर. डॉक्टर दोन मिनिटं आले, बोटाने तपासायला गेले, मी ओरडलो, त्यांनी हात काढून घेतला. कागदावर लिहिलं ‘ग्रेड ३’, उद्या उपाशीपोटी या. कमरेत भूल, अर्धा तास, संध्याकाळी घरी. तिसऱ्या दिवशी शौचाला बसलो, तर तीच काच. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘जखम भरतेय.’ असं सहा आठवडे ऐकलं.

मग एका सर्जनकडे गेलो. त्यांनी आत काही घातलंच नाही. कुशीवर झोपवून दोन्ही बाजूंनी अलगद ताणून पाहिलं. मागच्या बाजूला बरोबर मध्यावर उभी चीर आणि तिच्या टोकाशी कातडीचा छोटा कोंब. म्हणजे जुनं फिशर. क्लिनिकचा कागद वाचून त्यांनी एवढंच विचारलं, ‘शौचाच्या वेळी कधी काही बाहेर यायचं का?’ मी म्हटलं, कधीच नाही. ‘मग ग्रेड ३ कुठून आलं?’

ही ग्रेड तुम्ही घरबसल्या ताडून पाहू शकता. नुसतं रक्त जातं, बाहेर काही येत नाही, ती पहिली. कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी, बोटाने ढकलावा लागतो ती तिसरी, ढकलूनही जात नाही ती चौथी. कागदावरची ग्रेड तुमच्या अनुभवाशी जुळत नसेल तर तिथून उठा.

दुसरी गोष्ट दुखण्याची. आतले कोंब जिथे असतात त्या अस्तराला कातडीसारखी वेदना कळत नाही, म्हणून आतल्या मूळव्याधीत बहुधा न दुखता रक्त जातं. कापल्यासारखं दुखत असेल तर आधी फिशरचा संशय घ्यावा. अचानक टणक, निळसर गाठ आली असेल तर बाहेरच्या कोंबात रक्त गोठलेलं असू शकतं. फिशरमध्ये आतला स्नायू आवळून बसतो, चिरेला रक्त कमी पोचतं, म्हणून ती भरत नाही. कोंबात घातलेलं लेझर त्या स्नायूला काय करणार? मला स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं मलम दिवसातून दोनदा, कोमट पाण्यात बसणं आणि भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, एवढ्यावर आठ आठवड्यांत आराम पडला. सगळ्यांना पडतोच असं नाही. काहींना स्नायूवर छोटी शस्त्रक्रिया लागते.

आता दाजी. त्यांचं दुसऱ्या ग्रेडचं, न दुखणारं रक्त होतं. तिथे कोंबाच्या मुळाशी रबर बँड लावून काम भागलं असतं. तो बाह्यरुग्ण विभागात, भूल न देता लावतात, कारण तो त्याच वेदना न कळणाऱ्या भागात बसतो. एक-दोन दिवस जड वाटतं, बस. म्हणजे त्यांना दुखलं नाही याचं निम्मं श्रेय जागेचं, पण ते सगळं देतात लेझरला. दोन वर्षांनी त्यांचं रक्त पुन्हा सुरू झालं, हे मात्र ते चारचौघांत सांगत नाहीत.

लेझर थोतांड नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडला, बँडने भागलं नसेल तर, कोंब कापून काढण्यापेक्षा त्यात सुरुवातीचं दुखणं कमी असतं. पण कापून काढण्याच्या तुलनेत त्रास परत येण्याचं प्रमाण जास्त, बाहेरचे कातडीचे कोंब तसेच राहतात आणि चौथ्या ग्रेडला सहसा ते चालत नाही. म्हणून विचारायचं ते हे: दुर्बिणीने आत पाहिलं का, काय दिसलं, बँड का नको, हात कोणाचा असणार आणि परत झालं तर पुढे काय. ‘कायमचं’ हा शब्द डॉक्टर स्वतःच्या सहीने लिहून देतात का तेही बघा.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर मूळव्याध दिसली तरी मोठं आतडं तपासून घ्या. लेझर असो वा बँड, नंतर ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दाजींचं म्हणणं अजून तेच आहे, की मी पथ्य पाळलं नाही. सर्जनचा कागद त्यांना दोनदा दाखवला. चष्मा नाही म्हणाले.