मुलाखतीनंतरच्या आभाराच्या मेलमध्ये नेमकं काय लिहावं?

प्रश्न: चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत झाली. आभाराचा मेल पाठवायचाय, पण रेझ्युमेतलंच परत लिहिल्यासारखं होतंय. काय लिहू?

उत्तर: मुलाखतीत त्यांनी स्वतःहून सांगितलेली एक अडचण उचला आणि मेल तिच्याभोवतीच लिहा. रेझ्युमे मुलाखतीआधी तयार झालेला असतो, त्यामुळे ही गोष्ट त्यात असूच शकत नाही. समजा, ते म्हणाले की शिफ्ट बदलली की रिजेक्शन वाढतं. मग असं लिहा:

"शिफ्ट बदलतानाच्या रिजेक्शनबद्दल घरी आल्यावर विचार केला. मी रुजू झालो तर आधी सेटिंगनंतरचे तेच पहिले पाच नग दोन्ही शिफ्टकडून मोजून घेऊन मापं शेजारी शेजारी ठेवून बघेन. फरक सेटिंगचा आहे की मोजण्याच्या पद्धतीचा, याचा अंदाज त्यावरून येईल."

'बघेन' हा शब्द महत्त्वाचा. "तुम्ही असं करायला हवं" म्हटलं की शिकवल्यासारखं वाटतं. लाइन न बघता उपाय ठामपणे सांगणं तर हमखास अंगाशी येतं.

आभार एका ओळीत, वर. एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल तर ते दोन ओळींत पूर्ण करा. मेल चोवीस तासांच्या आत जाऊ द्या. दोघांनी मुलाखत घेतली असेल तर प्रत्येकाला त्याच्याच मुद्द्यावर वेगळा मेल लिहा, कारण ते मेल एकमेकांना दाखवू शकतात.