तिरुवोणम, श्रवण आणि आपला श्रावण

प्रश्न : "ओणमला ‘तिरुवोणम’ का म्हणतात? तो आपल्या श्रावणातलाच सण ना? मग कधी श्रावणात, कधी गणपतीत कसा येतो?"

घोटाळा ‘श्रवण’ आणि ‘श्रावण’ या जोडीचा आहे. तिरुवोणम म्हणजे श्रवण नक्षत्र. ‘ओणम’ हे ‘श्रवण’चेच प्राकृतातून झिजत आलेले रूप मानतात. आरंभीचा स-कार गळण्याची तऱ्हा ‘श्रविष्ठा’च्या ‘अविट्टम’मध्येही दिसते. ‘तिरु’ म्हणजे श्री. श्रवणाची देवता विष्णू. म्हणून मराठीतही ण हवाच, ‘ओनम’ लिहिले की श्रवणाशी असलेले नातेच पुसले जाते.

आपला श्रावण हा चांद्रमास. मल्याळी ‘चिंगम’ हा सौरमास, सिंहाचे मल्याळी रूप. सूर्य निरयन सिंह राशीत असतो तो काळ, साधारण १७ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर. या महिन्यात चंद्र श्रवणात असतो तो दिवस म्हणजे ओणम. तिथी पाहायची नाही. दहा दिवस आधी हस्त नक्षत्राला, म्हणजे ‘अत्तम’ला, फुलांची रांगोळी सुरू होते. हस्त तेरावे, श्रवण बाविसावे, दोन्ही धरून दहा नक्षत्रे.

तिथी पाहत नसले तरी ती फार भटकत नाही. सूर्य सिंहेत आणि चंद्र श्रवणात म्हणजे दोघांतले अंतर सुमारे १३० ते १७३ अंश. एक तिथी १२ अंशांची, त्यामुळे ओणम नेहमी शुद्ध एकादशी ते पौर्णिमा यांच्यातच पडतो. वद्य पक्षातला ओणम कुठे छापलेला दिसला तर तारीख चुकली समजा. चांद्रमास मात्र बदलतो. २०२३ मध्ये २९ ऑगस्टचा ओणम नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, निज श्रावणात होता. २०२५ मध्ये तो ५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, भाद्रपदात आला.

खरी मेख पुढे आहे. चंद्र सुमारे २७.३ दिवसांनी त्याच नक्षत्रात परततो आणि चिंगम ३१ दिवसांचा असतो. पहिले श्रवण महिन्याच्या अगदी सुरुवातीला आले तर शेवटी दुसरेही त्याच महिन्यात सापडते. २०२४ मध्ये असेच झाले. चिंगम १७ ऑगस्टला लागला. १८ च्या सकाळी चंद्र श्रवणात आला आणि १९ च्या सकाळी, राखी पौर्णिमेलाच, बाहेर पडला. पुढचे श्रवण १५ सप्टेंबरला आले, तो चिंगमचा तिसावा दिवस. ओणम झाला तो या दुसऱ्या श्रवणाला. अशा वर्षी दुसरे धरण्याचीच रीत आहे. नुसते ‘सिंह मासातले श्रवण’ म्हणून पंचांगातली पहिली नोंद उचलणारा इथे जवळजवळ महिनाभराने चुकतो. तेव्हा आधी चिंगमची पहिली तारीख पाहा. तिच्यानंतरच्या तीन-चार दिवसांत श्रवण दिसले तर महिना संपण्यापूर्वी ते पुन्हा येते का, हे तपासूनच दिवस ठरवा.