कॅटानचे नियम मराठीत लिहिताना

प्रश्न: कॅटान हा बोर्ड गेम सासऱ्यांना शिकवायचा आहे, पण त्यांना इंग्रजी येत नाही. नियमपुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. खेळातल्या शब्दांना मराठीत काय म्हणू? आणि कार्डांवरच्या इंग्रजीचं काय करू?

शब्दांची काळजी नंतर करा. आधी क्रियापदं ठरवा. माझ्या थोरल्या भावाशी या एकाच मुद्द्यावर माझा जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईसाठी याच खेळाचे नियम आम्ही घरी मराठीत केले होते. पहिला खर्डा दादाचा. त्याची उभी हयात सरकारी मसुदे लिहिण्यात गेली. सातचं दान पडल्यावर काय करायचं, हे त्याने असं लिहिलं: ‘ज्या खेळाडूंजवळ सातहून अधिक संसाधनपत्रके असतील त्यांनी त्यांपैकी अर्धी परत करावीत. तदनंतर खेळाडूने दरोडेखोरास स्थलांतरित करावे व त्याच्या लगतच्या वसाहतधारकाकडून एक पत्रक प्राप्त करावे.’ व्याकरणात एकही चूक नाही. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘यातला खेळाडू कोण? आणि त्याच्या म्हणजे कोणाच्या, खेळाडूच्या की दरोडेखोराच्या?’ तिच्या हातात नऊ पानं होती. दान तिनेच टाकलं होतं, म्हणून पानं बाकीच्यांनी द्यायची असं तिला वाटलं. शिवाय ‘परत करावीत’ हा तिला सल्ला वाटला. ‘सकाळी उठून कोमट पाणी प्यावे’ असतं ना, तसा. नऊच्या अर्ध्या किती, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

दादाचं म्हणणं, नियमाच्या भाषेला दर्जा हवा. माझं म्हणणं, जो नियम वाचून हात कुठे न्यायचा ते कळत नाही, तो नियमच नव्हे.

मग मी तोच भाग नव्याने लिहिला:

‘सातचं दान पडलं तर कुणालाच माल मिळत नाही. आधी सगळ्यांनी, तुम्हीसुद्धा, हातातली मालाची पानं मोजा. विकासाची पानं यात धरू नका. ज्याच्याकडे आठ किंवा जास्त पानं असतील, त्याने निम्मी बँकेत द्यायचीच. नऊ असतील तर चार द्या, पाच ठेवा. कोणती द्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग तुम्ही चोर उचला आणि दुसऱ्या टाइलवर ठेवा. होता तिथेच ठेवता येत नाही. त्या टाइलला लागून ज्यांची गावं किंवा शहरं असतील, त्यांच्यापैकी एकाच्या हातातलं एक पान न बघता ओढा. यानंतर तुमची पाळी पुढे चालू.’

यात मी काय पाळलं ते सांगतो. ‘तुम्ही’ म्हणजे ज्याची पाळी चालू आहे तोच, अख्ख्या पुस्तिकेत दुसरं कुणी नाही. इतरांना ‘बाकीचे’, आणि तुम्ही धरून सगळे असतील तर ‘सगळ्यांनी’. ‘खेळाडू’ हा शब्द खेळाच्या मांडणीपुरताच ठेवला. ‘तुम्ही’मुळे तो की ती हा प्रश्नही बहुतेक ठिकाणी सुटतो. क्रियापदाची रूपं तीनच: करायलाच हवं असेल तिथे ‘टाका, उचला, द्या’, ऐच्छिक असेल तिथे ‘हवं तर’ लावून, आणि मनाई असेल तिथे ‘येत नाही’. ‘करावे’ आणि ‘करू शकता’ ही दोन्ही रूपं पूर्ण हद्दपार. ‘करावे’मध्ये सक्ती की सूचना ते कळत नाही, आणि ‘करू शकता’ लोक घाईत ‘करा’ असंच वाचतात.

क्रमही असाच बांधून घ्या. पाळीचे तीन भाग: दान टाका, हवं तर देवाणघेवाण करा, हवं तर बांधा. शेवटी फासे डावीकडच्याला द्या. देवाणघेवाणीत हमखास घोळ होतो: बाकीचे आपापसात सौदे करायला लागतात. म्हणून तिथे स्वतंत्र वाक्य हवं, ‘सौदा फक्त तुमच्याशी होतो, बाकीच्यांना एकमेकांशी करता येत नाही.’ शिपायाचं, म्हणजे नाइटचं, पान मात्र दान टाकायच्या आधीही खेळता येतं, आणि त्याने चोर हलला तरी कुणी पानं परत द्यायची नसतात. हे दोन अपवाद शिपायाच्या पानापाशी लिहा, सातच्या नियमात घुसडू नका.

आता शब्द. पत्ते आणि सोंगट्या खेळून मोठी झालेली माणसं जे बोलतात तेच घ्या: दान, पान, पिसणे, वाटणे, पालथं, उताणं, पाळी, डाव. एक पाळी म्हणजे एकाची खेळी, डाव म्हणजे पहिल्यापासून कुणीतरी दहा गुण करेपर्यंतचा सगळा खेळ. रिसोर्सला आम्ही ‘माल’ म्हणतो: लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज. सेटलमेंट म्हणजे गाव, सिटी म्हणजे शहर, रॉबर म्हणजे चोर. दादा अजून म्हणतो की गाव हे भाषांतर नव्हे. नसेल. पण ‘गावाचं शहर करा, तीन खनिज दोन धान्य’ हे आईला एकदाच सांगावं लागलं. टाइलच्या कोपऱ्यांना आम्ही तिठा म्हणतो, कारण बेटाच्या आत तिथे तीन वाटा मिळतात. मग अंतराचा नियमही एका वाक्यात बसतो: ‘शेजारच्या एकाही तिठ्यावर कुणाचं गाव किंवा शहर नको, तुमचं स्वतःचंही नको.’ टाइल, बँक, पॉइंट हे शब्द तसेच चालतात, त्यांच्यामागे लागू नका.

कार्डांचं काम वाटतं तेवढं नाही. मालाच्या पानांवर चित्रं आहेत, ती वाचावी लागत नाहीत. वाचायची ती विकासाची 25 पानं. त्यांत 14 शिपाई एकाच मजकुराचे, पाच पानं प्रत्येकी एका गुणाची, आणि उरलेली सहा म्हणजे तीन प्रकारांची दोन-दोन. म्हणजे पाचच मजकूर लिहायचे. ते अर्ध्या कागदावर चित्रांसकट लिहून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवा. पानांवर चिठ्ठ्या चिकटवू नका. चिठ्ठीने पान जाड होतं आणि पालथं असतानाही ओळखू येतं. चिकटवायचंच असेल तर सगळी 25 पानं अपारदर्शक कव्हरात घाला.

लिहून झालं की खेळ न येणाऱ्या माणसाला कागद द्या आणि तुम्ही गप्प बसा. तो जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, ते वाक्य बदला. तोंडी समजावलंत तर कागद तसाच सदोष राहील. आमच्याकडे दादा प्रत्येक वेळी तोंडी समजावायचा आणि मग म्हणायचा, बघ, कळलं की.

दोन गोष्टी राहिल्या. आवृत्तीनुसार मजकूर थोडा बदलतो, तेव्हा तुमच्या डब्यातलीच पुस्तिका समोर ठेवा. आणि हे घरापुरतं ठीक आहे. छापून वाटायचं किंवा विकायचं असेल तर प्रकाशकाची परवानगी लागेल. ‘पाळी’ शब्दावर शाळकरी पोरं हसत असतील तर ‘टर्न’ लिहा, पण मग शेवटपर्यंत टर्नच.

सासऱ्यांना ‘करावे’चीच भाषा आवडत असेल, तर सातचा नियम दोन्ही प्रकारे लिहून त्यांच्या हातात द्या, आणि नऊ पानं घेऊन खेळायला बसवा.